पानाच्या छायाचित्रातून ठशासाठी अखंड नक्षी

बाघच्या (जि. धार) ठशांच्या छपाईची कापडे आपल्या इंदूरच्या घरांत नवी नाहीत. घरच्या झाडाच्या पानाची अशी नक्षी करता येईल का, असे सभासद विचारतात. येते. मात्र पडद्यावर जुळलेली नक्षी लाकडी ठशावर जुळेलच असे नाही. हा फरक ध्यानात यावा म्हणून पिंपळाच्या पानाचे उदाहरण घेऊन आम्ही ही पद्धत मांडत आहोत.

छायाचित्र. पान पांढऱ्या कागदावर काचेखाली दाबून ठेवावे आणि सावलीत, बरोबर वरून छायाचित्र घ्यावे. कॅमेरा तिरपा झाला तर पान एका बाजूला फुगलेले दिसते. जिंप (GIMP) या मोफत प्रणालीत `Colors > Threshold` वापरून चित्र निव्वळ काळे-पांढरे करावे. ठसा रंग उमटवतो किंवा उमटवत नाही. करड्या छटा त्याला ठाऊक नसतात.

रेषेची जाडी. आपण ४ इंचांची पुनरावृत्ती धरू. एका इंचाला ३०० बिंदू घेतल्यास चौकट १२०० × १२०० बिंदूंची होते आणि १ मिलिमीटर म्हणजे सुमारे १२ बिंदू. रेष आणि दोन रेषांमधली फट, दोन्ही निदान इतक्या असाव्यात, असा आमचा ठोकताळा आहे. रेष बारीक असेल तर लाकडाची कड तुटते. फट अरुंद असेल तर तिच्यात रंग भरतो आणि छापात डाग दिसतो. पिंपळाच्या शिरांची जाळी यात बसत नाही. म्हणून मधली शीर आणि बाजूच्या पाच-सहा जोड्या ठेवून बाकीच्या पुसाव्यात. पानाचे लांब टोक जाड करून थोडे आखूड करावे.

जोड. ३ इंच उंचीचे पान चौकटीच्या मध्यभागी ठेवावे, ते कडांना लागू देऊ नये. `Image > Flatten Image` करून मग `Layer > Transform > Offset` मध्ये X आणि Y दोन्ही ६०० द्यावेत आणि `Wrap around` निवडावे. पानाचे चार तुकडे होऊन ते चार कोपऱ्यांत जातात आणि मधोमध मोकळी जागा उरते. तिथे दीड इंचाचे छोटे पान तिरपे बसवावे. तेही कडांना लागता कामा नये. ते बसवल्यावर पुन्हा `Flatten Image` आणि तोच `Offset` केला की मोठे पान मध्यभागी परत येते आणि छोटे पान चार कोपऱ्यांत विभागले जाते. `Filters > Map > Tile` ने ३६०० × ३६०० चे चित्र करून दोन मीटरवरून पाहावे. जवळून न दिसणारे मोकळे पट्टे लांबून लगेच डोळ्यांत भरतात.

ठशाची कड. खरी अडचण इथे येते. ही चौकट जशीच्या तशी कोरली तर छोट्या पानाचे चार तुकडे चार वेगळ्या छापांतून एकत्र यावे लागतात. हात अर्धा मिलिमीटर हलला तरी पान मधोमध चिरल्यासारखे दिसते. म्हणून चारांपैकी एकच कोपरा, समजा वरचा उजवा, निवडून तिथे छोटे पान पूर्ण काढावे आणि बाकीचे तीन तुकडे पुसावेत. ते पान चौकटीबाहेर जाते, त्यामुळे लाकूड साधारण ५ इंचांचे लागते. पुनरावृत्ती मात्र ४ इंचांचीच राहते, कारण बाहेर आलेले पान शेजारच्या छापातल्या रिकाम्या जागेत बसते. आता हात थोडा हलला तर दोन पानांमधले अंतर बदलते, पान तुटत नाही.

पुढचा छाप कुठे ठेवायचा हे कळण्यासाठी नक्षीत बारीक टिपके घालावेत: दोन आडवे, बरोबर ४ इंच अंतरावर, आणि तिसरा त्यांतल्या एकाच्या वर ४ इंचांवर. ४४ इंच पन्ह्यावर ११ छाप येतात. टिपक्यांतले अंतर अर्धा मिलिमीटर चुकले तर दहा सरकवण्यांत ही चूक ५ मिलिमीटर होते आणि ओळ पन्ह्यात बसत नाही.

कोरणाऱ्याकडे देताना. कागद लाकडावर चिकटवून कोरतात, त्यामुळे छाप आरशातल्यासारखा उलटा येतो. पानाचे टोक उजवीकडेच वळायला हवे असेल तर `Image > Transform > Flip Horizontally` करून मगच प्रत काढावी. छापताना कागदात बसवण्याचा पर्याय बंद ठेवून १०० टक्के मापाने छापावे, आणि टिपक्यांमधले ४ इंच पट्टीने मोजून पाहिल्याशिवाय कागद देऊ नये. लाकूड कोरल्यावर माप बदलत नाही.

ही पद्धत एकरंगी ठशासाठी आहे. रेषेला एक आणि भरणीला दुसरा रंग हवा असेल तर दोन ठसे लागतात. दोन्हींवरचे टिपके एकाच मूळ चित्रातून घ्यावेत, म्हणजे ते एकमेकांवर नेमके बसतात.