मद्य आणि झोपेच्या गोळ्यांचा एकत्रित परिणाम

मद्य आणि झोपेच्या किंवा चिंताशामक गोळ्या एकाच वेळी शरीरात असल्यास श्वसन मंदावते. प्रसंगी ते पूर्णपणे थांबून मृत्यूही ओढवतो. या अवस्थेस श्वसनमंदता असे म्हणतात. डायझेपाम, अल्प्राझोलाम व क्लोनाझेपाम ही बेंझोडायझेपिन गटातील औषधे, झोपेसाठी दिले जाणारे झोल्पिडेम आणि जुन्या काळी प्रचलित असलेली बार्बिट्युरेट औषधे यांच्या बाबतीत हा धोका विशेषत्वाने आढळतो.

कारणमीमांसा

मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेत श्वसनकेंद्र असते. रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढला की हे केंद्र श्वासाची गती वाढवते, त्यामुळे गाढ झोपेतही श्वास आपोआप चालू राहतो. मेंदूतील ‘गाबा’ नावाचे रसायन चेतापेशींना शांत करते. वरील सर्व औषधे गाबाचा परिणाम वाढवतात आणि मद्यही तेच करते. शिवाय मद्य चेतापेशींना उत्तेजित करणाऱ्या ग्लुटामेट या रसायनाच्या कार्यातही अडथळा आणते. परिणामी श्वसनकेंद्र दोन्ही बाजूंनी दडपले जाते आणि कार्बन डायऑक्साइड साचूनही ते पुरेसा प्रतिसाद देत नाही.

केवळ बेंझोडायझेपिनच्या अतिसेवनाने मृत्यू क्वचितच होतो. त्यामुळे या गोळ्या निरुपद्रवी आहेत असा समज पसरतो. परंतु मद्याची जोड मिळताच ही सुरक्षिततेची मर्यादा उरत नाही. त्यातच घशाचे स्नायू सैल पडून जीभ मागे सरकते व श्वासमार्ग अरुंद होतो. खोकल्याची प्रतिक्षिप्त क्रिया मंदावल्याने उलटी फुप्फुसात जाण्याचीही शक्यता असते.

कालावधी

दोन्ही पदार्थ एकाच वेळी घेतले तरच धोका असतो, असे नाही. डायझेपामचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर येण्यास साधारणपणे 20 ते 50 तास लागतात आणि त्यापासून शरीरात तयार होणारा क्रियाशील घटक त्याहूनही अधिक काळ टिकतो. म्हणून आदल्या रात्री गोळी घेऊन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मद्य घेतल्यासही दोहोंचा परिणाम एकत्र येतो. झोल्पिडेमचे प्रमाण निरोगी प्रौढात दोन-तीन तासांत निम्म्यावर येते. वृद्धांमध्ये व यकृताच्या विकारात मात्र हा काळ वाढतो. याशिवाय, शेवटचा पेला घेतल्यानंतरही पोटातील मद्य रक्तात उतरत राहते. त्यामुळे झोपी गेलेल्या व्यक्तीची अवस्था तासाभरात बिघडू शकते.

कॅरेन ॲन क्विन्लन प्रकरण

अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातील कॅरेन ॲन क्विन्लन ही 21 वर्षांची तरुणी एप्रिल 1975 मध्ये एका मेजवानीनंतर बेशुद्ध पडली. तिने मद्यासोबत व्हॅलियम, म्हणजेच डायझेपाम, घेतल्याचे सांगितले जाते. आहार कमी करण्याच्या प्रयत्नात तिने आधीचे दोन दिवस फारसे काही खाल्लेही नव्हते. तिला घरी आणून निजवण्यात आले. थोड्या वेळाने पाहिले असता तिचा श्वास थांबलेला होता. न्यायालयीन नोंदीनुसार तिचा श्वास किमान दोनदा, प्रत्येकी सुमारे 15 मिनिटे बंद पडला होता. मात्र त्याचे नेमके कारण न्यायालयाने निश्चित केले नाही. प्राणवायूअभावी मेंदूस झालेली हानी भरून आली नाही. कृत्रिम श्वसनयंत्र काढण्यास राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 1976 मध्ये परवानगी दिली. यंत्र काढल्यानंतर ती स्वतः श्वास घेऊ लागली, पण शुद्धीवर न येता जून 1985 मध्ये तिचे निधन झाले. वैद्यकीय कायद्यात हा खटला महत्त्वाचा मानला जातो. श्वास काही मिनिटे थांबल्याने काय घडते, हेही त्यातून दिसते.

लक्षणे

हाक मारून किंवा जोराने हलवूनही जाग न येणे हे प्रमुख लक्षण होय. मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास, दोन श्वासांत दहा सेकंद वा अधिक अंतर, घशातून घरघर आणि ओठ किंवा नखे निळसर होणे, ही गंभीर लक्षणे आहेत. जोराचे घोरणे ही गाढ झोपेची खूण समजली जाते, पण अशा वेळी ते श्वासमार्ग अडल्याचे चिन्ह असू शकते.

प्रथमोपचार व उपचार

महाराष्ट्रात 108 या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. श्वास चालू असल्यास रुग्णास एका कुशीवर वळवावे व एकटे सोडू नये. श्वास थांबल्यास छातीवर दाब देण्यास तत्काळ सुरुवात करावी. उलटी करवणे, कॉफी पाजणे वा थंड पाण्याने आंघोळ घालणे यांचा उपयोग होत नाही, उलट अपाय होऊ शकतो. घेतलेल्या गोळ्यांचे पाकीट डॉक्टरांना दाखवावे.

रुग्णालयात श्वासमार्ग मोकळा ठेवणे व गरजेनुसार कृत्रिम श्वसन देणे हाच मुख्य उपचार असतो. फ्लुमाझेनिल हे औषध बेंझोडायझेपिनचा परिणाम उलटवते, परंतु मद्यावर त्याचा परिणाम होत नाही. दीर्घकाळ गोळ्या घेणाऱ्यांना त्याने झटके येऊ शकतात, म्हणून ते सरसकट दिले जात नाही. याच कारणाने नियमित गोळ्या घेणाऱ्याने मद्यपानासाठी त्या अचानक बंद करणेही धोक्याचे असते. अशा व्यक्तीने मद्य टाळावे व गोळ्यांतील बदल डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावा.