स्वागतपत्र (लग्नाच्या पाहुण्यांसाठी)

परगावाहून लग्नाला आलेल्या पाहुण्यांच्या खोलीत भेटपिशवीबरोबर ठेवले जाणारे छोटे छापील पत्र. लग्नपत्रिका पाहुण्याला घरातून निघायला लावते, तर हे पत्र तो पोहोचल्यावर हाती पडते. पूर्वी वऱ्हाड जानवशावर उतरले की चहापाणी, आंघोळीचे पाणी, हळदीची वेळ हे सारे यजमानाकडचा एखादा माणूस तोंडी सांगत असे. पाहुणे चार लॉजवर विखुरले गेल्यावर ते काम या पत्राकडे आले.

समजा, लग्न बीड जिल्ह्यातील नारायणगड परिसरातल्या एका गावात आहे आणि पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांची सोय बीड शहरात केली आहे. तेव्हा मजकूर असा पुरेल: ‘सप्रेम नमस्कार. प्रवासाने दमला असाल, आधी चहा घ्या. आज संध्याकाळी ६ वाजता हळद. उद्या सकाळी ९ वाजता लॉजच्या दारातून गाडी निघेल. लग्न दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांनी. काही लागल्यास खालच्या दोन्हीपैकी कोणत्याही क्रमांकावर फोन करा.’

यात मुहूर्तापेक्षा गाडीची वेळ महत्त्वाची आहे. मुहूर्त पत्रिकेत असतोच. गाडी कुठून आणि कधी निघणार, हे मात्र पाहुण्याला दुसरीकडे कुठेही वाचायला मिळत नाही. फोन क्रमांक वधूपित्याचा देऊ नये. त्या दिवशी तो फोन उचलू शकत नाही. मांडवात फारसे काम नसलेल्या दोन भावंडांचे क्रमांक द्यावेत.

स्थळाबद्दल एक ओळ घालावी. ‘गड’ म्हटले की बाहेरच्या माणसाला तटबुरुजांचा किल्ला आठवतो. बीड परिसरातील नारायणगड, भगवानगड ही मात्र संतपरंपरेची स्थाने आहेत. नारायणगड हे संत नगद नारायण महाराजांचे स्थान असून ते ‘धाकटी पंढरी’ म्हणून ओळखले जाते. एवढे सांगितले की पाहुणा दर्शनासाठी वेळ राखून ठेवतो.

पिशवीतल्या खाऊचाही उल्लेख हवा. तुळशीच्या लग्नानंतर लगेचचे लग्न असेल तर बीडचे सीताफळ ठेवता येते. या फळाला भौगोलिक मानांकन आहे. पण पिकलेले सीताफळ फार टिकत नाही, म्हणून ‘आजच खावे’ असे लिहावे. नाहीतर परतीच्या प्रवासात फळ फुटून कपडे खराब होतात.

पत्र पोस्टकार्डाएवढे, जाड आणि चकाकी नसलेल्या कागदावर छापावे. गुळगुळीत कागदावर पेनाची शाई पसरते, आणि पाहुण्याचे नाव तर हातानेच लिहायचे असते. अक्षर १४ पॉइंटपेक्षा बारीक नसावे, कारण त्याहून लहान अक्षरात मात्रा-वेलांट्या वडीलधाऱ्यांना नीट दिसत नाहीत. प्रती माणशी एक न धरता खोलीमागे एक धराव्यात आणि चार-पाच जास्त छापाव्यात.

सर्वांत जास्त चुका घाईने छापल्यामुळे होतात. पत्रिकेबरोबरच पत्र छापून घेतले आणि नंतर गाडीची वेळ बदलली, की खोलीत एक वेळ आणि फोनवर दुसरी असा घोळ होतो. म्हणून गाड्या ठरल्यावर, लग्नाच्या साधारण आठवडाभर आधी हे पत्र छापायला द्यावे.