लोहखनिजाच्या चुऱ्याचे जहाजावरील द्रवीभवन

ओलसर खनिजाचा बारीक चुरा जहाजाच्या पोटात भरला, की प्रवासातल्या हेलकाव्यांनी आणि इंजिनाच्या थरथरीने त्याचे कण दाटत जातात. कणांमधल्या पाण्यावर दाब येतो आणि घट्ट ढिगासारखा दिसणारा माल चिखलासारखा वाहू लागतो. याला मालाचे द्रवीभवन म्हणतात. वाहता माल एका बाजूला साचला की जहाज कलते, आणि बहुधा सावरायला वेळ मिळत नाही. निकेलचे खनिज, बॉक्साइट, धातूंची सांद्रे असे अनेक माल या धोक्याचे आहेत. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर मात्र हा प्रश्न मुख्यतः लोहखनिजाच्या चुऱ्याचा आहे. गोव्याच्या मुरगाव बंदरातून आणि सिंधुदुर्गातल्या रेडीहून परदेशी जाणाऱ्या खनिजात चुऱ्याचाच मोठा वाटा राहिला, आणि तो ज्या किनाऱ्यावरून जातो तिथे वर्षाला 3,000 मिमीच्या आसपास पाऊस पडतो.

या घटनेमागची क्रिया समुद्रापासून दूर राहणाऱ्यालाही हाताशी पाहता येते. नांदेडला गोदावरीचे पाणी ओसरल्यावर काठाच्या ओल्या वाळूवर उभे राहावे. वाळू माणसाचे वजन सहज पेलते. त्याच जागी पाय आपटत राहिले की वाळू थलथल हलू लागते, पाणी वर येते आणि पाय रुततो. वाळूत बाहेरून पाणी आलेले नसते. आधी वजन कणाकडून कणाकडे जात होते, कारण कण एकमेकांना टेकलेले होते. आपटण्याने कण जवळ सरकू पाहतात, मधली पोकळी लहान होते, आणि पोकळी पाण्याने भरलेली असेल तर ते पाणी दाबले जाते. पाण्याला निसटायला वाट किंवा वेळ मिळाला नाही तर वजन कणांऐवजी पाणी पेलू लागते. कणांतले घर्षण संपते आणि ढीग द्रवासारखा वागतो. जमिनीच्या बाबतीत हाच प्रकार 2001 च्या भूकंपात कच्छच्या रणात मोठ्या प्रमाणावर दिसला.

यातूनच दोन गोष्टी उलगडतात. कोरडा चुरा वाहत नाही, कारण पोकळीत हवा असते आणि हवा सहज दबते. मोठ्या खड्यांचे खनिजही असे वाहत नाही, कारण खड्यांमधून पाणी झरझर खाली निथळते. धोका असतो तो मधल्या मालात: पाणी धरून ठेवण्याइतका बारीक आणि पोकळ्या भरून जाण्याइतका ओला. असा माल भरताना पाण्याचा थेंबही दिसत नाही. मूठभर घेऊन दाबला तर त्याचा गोळा होतो, एवढेच. अनेक कप्तान फसले ते या कोरड्या दिसण्याने.

जहाजावर हा प्रकार इतका घातक का ठरतो, याचे उत्तर लोहखनिजाच्या वजनात आहे. खनिज इतके जड असते, की जहाजाची वजन वाहण्याची मर्यादा संपते तेव्हाही होल्ड, म्हणजे माल भरण्याचे मोठे खण, बरेचसे रिकामे असतात. माल तळाशी बसतो आणि वर व बाजूला त्याला सरकायला भरपूर जागा उरते. जड माल तळाशी असल्याने जहाजाचा गुरुत्वमध्य खाली असतो, आणि कागदावरच्या हिशेबात असे जहाज फार स्थिर दिसते. माल पातळ झाला की हा हिशेब उरत नाही. जहाज डावीकडे झुकले की माल डावीकडे वाहतो. जहाज उजवीकडे परत येऊ लागते, पण दाट चिखल पूर्ण परत येत नाही. प्रत्येक हेलकाव्यागणिक थोडा माल त्याच बाजूला राहतो आणि कल वाढत जातो. मोकळ्या पृष्ठभागाच्या द्रवाचा हा परिणाम खणाच्या रुंदीच्या घनाप्रमाणे वाढतो. म्हणून तेलवाहू जहाजाच्या टाक्यांना उभ्या भिंती घालून रुंदी तोडलेली असते. खणाच्या मधोमध एक भिंत घातली तरी परिणाम एकचतुर्थांशावर येतो. खनिजवाहू जहाजाच्या होल्डला अशी भिंत नसते, कारण त्यात ग्रॅब फिरवून माल उपसायचा असतो.

2009 च्या पावसाळ्यात भारतीय किनाऱ्यावर याची किंमत दोनदा मोजावी लागली. जुलैमध्ये ‘एशियन फॉरेस्ट’ हे जहाज नव मंगळूर बंदरातून सुमारे 13,600 टन लोहखनिजाचा चुरा घेऊन चीनकडे निघाले. बंदर सोडून फार दूर जाण्याआधीच ते कलले. तटरक्षक दलाने जहाजावरच्या 18 जणांना वाचवले आणि जहाज बुडाले. सप्टेंबरमध्ये ओडिशातल्या पारादीपजवळ ‘ब्लॅक रोज’ हे जहाज जवळपास 24,000 टन चुऱ्यासह उलटले. त्यात एका खलाशाचा मृत्यू झाला. दोन्ही माल पावसाळ्यात भरलेले होते आणि दोन्ही जहाजे किनारा सोडता सोडताच गेली. म्हणजे माल आधीच मर्यादेच्या पलीकडे ओला होता. लांबच्या वादळाची गरज पडली नाही. यानंतर मुंबईच्या नौकानयन महासंचालनालयाने 2010 मध्ये लोहखनिजाच्या चुऱ्याची तपासणी आणि भरणी यांबाबत सूचना काढल्या.

मर्यादा ठरते ती अशी. खनिजाचा नमुना प्रयोगशाळेत एका विशिष्ट मेजावर छोट्या शंकूच्या साच्यात दाबून बसवतात आणि साचा काढतात. मेज थोडे वर उचलून 12.5 मिमी खाली पडू देतात, असे 50 वेळा. थोडे थोडे पाणी घालत हा प्रयोग पुन्हा पुन्हा करतात. ज्या आर्द्रतेला शंकू भुगा न होता पसरू लागतो, तो त्या मालाचा प्रवाहबिंदू. त्याच्या 90 टक्के आर्द्रता ही वाहतुकीची सुरक्षित मर्यादा. समजा प्रवाहबिंदू 10 टक्के निघाला, तर मर्यादा 9 टक्के. आता भरायच्या मालाचा 1,000 ग्रॅम नमुना भट्टीत वाळवला आणि 905 ग्रॅम उरला. आर्द्रता 9.5 टक्के झाली. माल अजून प्रवाहबिंदूच्या खाली आहे, तरीही तो भरता येत नाही. हा अर्धा टक्का 40,000 टनांच्या मालात 200 टन पाणी असतो, आणि प्रवासात ते पाणी खाली उतरून तळाच्या थरात जमते. सरासरी सुरक्षित असली तरी तळाचा थर सुरक्षित राहत नाही. मर्यादा प्रवाहबिंदूच्या खाली ठेवली आहे ती काही अंशी याचसाठी.

प्रयोगशाळेपेक्षा नमुना घेण्यातच जास्त घोळ होतो. गोव्यात खाणीतून आलेले खनिज मांडवी आणि जुवारीच्या काठच्या धक्क्यांवर उघड्या ढिगांत पडून राहते, तिथून बार्जने मुरगावला किंवा समुद्रात नांगरलेल्या जहाजाकडे जाते. ढीग 6 मीटर उंच धरला आणि चुरा घनमीटरला 2.5 टन धरला, तर एक चौरस मीटरच्या खाली 15 टन खनिज असते. त्यावर 150 मिमी पाऊस पडून मुरला तर 0.15 टन पाणी वाढले, म्हणजे नेमका 1 टक्का. कोकणात एवढा पाऊस एखाद्या दिवसात होतो. त्यानंतर दोन दिवस ऊन पडले की ढिगाची वरची साल वाळून फिकट होते, आतला भाग ओलाच राहतो. फावड्याने वरचा माल उचलून आर्द्रता मोजली तर आकडा खोटा येतो, आणि तो आकडा घेऊन जहाज भरले जाते. म्हणून नियम पूर्ण खोलीतून, ढिगाच्या सर्व भागांतून नमुने मागतो. आर्द्रतेची चाचणी भरण्याआधीच्या सात दिवसांत झालेली असावी आणि मधे पाऊस पडला तर पुन्हा व्हावी, असेही सांगतो.

कप्तानाच्या हातात एक साधी चाचणी असते. अर्धा ते एक लिटरच्या डब्यात निम्म्यापर्यंत माल भरायचा आणि सुमारे 20 सेंटिमीटर उंचीवरून डबा कठीण फरशीवर एकदोन सेकंदांच्या अंतराने 25 वेळा आपटायचा. वर पाणी आले किंवा माल चकचकीत, पातळ दिसू लागला तर भरणी थांबवून नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा. मात्र पाणी दिसले नाही म्हणून माल सुरक्षित ठरत नाही. ही चाचणी नकार देण्यासाठी आहे, संमतीसाठी नाही. होल्डमध्ये डोळ्यांना दिसणाऱ्या खुणाही याच बाजूच्या असतात. ग्रॅबमधून पडणाऱ्या मालाचे शिंतोडे भिंतींवर उडतात. ढीग टोकदार राहण्याऐवजी सपाट होतो. बार्जवर किंवा ट्रकमध्ये थोड्या प्रवासानेच मालाच्या वर पाणी साचते.

कायद्यातली मोठी फट नावाची होती. घन मालांच्या आंतरराष्ट्रीय संहितेत पाण्याने वाहू शकणारे माल ‘अ’ गटात येतात. संहिता 1 जानेवारी 2011 पासून बंधनकारक झाली, पण तिच्यात ‘लोहखनिज’ न वाहणाऱ्या ‘क’ गटात होते आणि चुऱ्याची वेगळी नोंद नव्हती. त्यामुळे निर्यातदाराने कागदावर चुरा न लिहिता नुसते लोहखनिज लिहिले की चाचण्यांचा प्रश्नच उरत नसे. चुऱ्याची स्वतंत्र नोंद 2017 पासून बंधनकारक झाली. 1 मिमीहून बारीक कण 10 टक्के किंवा अधिक आणि 10 मिमीहून बारीक कण 50 टक्के किंवा अधिक असतील, तर माल आता ‘अ’ गटात धरला जातो. गोएथाइट हे खनिज 35 टक्के किंवा अधिक असल्यास सूट आहे, कारण ते पाणी कणांच्या आतच धरून ठेवते.

नोंद झाल्याने बुडणे थांबले नाही. ऑक्टोबर 2017 मध्ये इंडोनेशियातून निकेलचे खनिज घेऊन निघालेले ‘एमराल्ड स्टार’ हे जहाज फिलिपाइन्सच्या पूर्वेला बुडाले. जहाजावरचे 26 जण भारतीय होते. 16 जण वाचले, 10 जणांचा पत्ता लागला नाही. जानेवारी 2015 मध्ये मलेशियातून बॉक्साइट घेऊन निघालेल्या ‘बल्क ज्युपिटर’वरच्या 19 जणांपैकी एकच वाचला होता. त्या अपघातानंतरच्या अभ्यासात बॉक्साइटचे वर्तन थोडे निराळे आढळले. त्यातले बारीक कण आणि पाणी मिळून वर चिखलाचा थर येतो आणि तोच मोकळ्या द्रवासारखा हलतो. माल संपूर्ण पातळ होण्याची वाट पाहणारा कप्तान अशा वेळी उशीर करतो.

समुद्रात माल वाहू लागल्यावर करण्यासारखे फार थोडे उरते. वेग कमी करून हेलकावे कमी होतील अशी दिशा धरायची, जवळच्या आडोशाकडे वळायचे आणि माणसे बोटींपाशी आणून ठेवायची. विरुद्ध बाजूच्या टाकीत पाणी भरून कल सरळ करणे सर्वांत धोक्याचे, कारण जहाज सरळ होताच सगळा पातळ माल झपाट्याने दुसऱ्या बाजूला कोसळतो आणि नवा कल जुन्यापेक्षा मोठा येतो. खरे काम धक्क्यावरच होते: ढिगांवर ताडपत्री, भोवती पाण्याचे चर, पावसाच्या सरीत होल्डची झाकणे बंद, ओल्या ढिगाचा माल वेगळा ठेवून पसरून वाळवणे. यातल्या प्रत्येक गोष्टीने जहाज धक्क्याला जास्त दिवस अडकून राहते आणि त्या दिवसांचे भाडे कोणाला तरी भरावे लागते. चाचणीचा कागद घाईत सही होऊन येतो तो या भाड्यामुळे. म्हणूनच सागरी सुरक्षेच्या करारात कप्तानाला माल नाकारण्याचा हक्क दिला आहे, आणि निर्यातदाराचे प्रमाणपत्र असले तरी तो हक्क कायम राहतो.