निळा पक्षी, निळे फूल

रशियन भाषेत आपल्या ‘निळ्या’चे दोन स्वतंत्र रंग होतात: गडद तो ‘सीनी’, फिकट तो ‘गलुबोय’. मेटरलिंकच्या फ्रेंच नाटकातील पक्षी मात्र नुसताच निळा होता. १९०८ साली मॉस्को आर्ट थिएटरने ते नाटक प्रथम रंगमंचावर आणले, तेव्हा मुळात नसलेली निवड अनुवादात करावी लागली आणि पक्षी ‘सीनी’ झाला. नोव्हालिसचे जर्मन निळे फूल मात्र रशियनमध्ये ‘गलुबोय’ ठरले.

रशियनमधून मराठीत येताना पेच उलटतो. आपला ‘आकाशी’ ही निळ्याचीच छटा. प्रत्येक ‘गलुबोय’ आकाशी केला, तर तिथला साधा शब्द इथे सजवलेला वाटतो. सर्वत्र ‘निळा’ लिहिले, तर भेद पुसला जातो. म्हणून दोन्ही निळे एकमेकांसमोर उभे ठाकतात, तिथेच तो भेद राखणे इष्ट.