आरसीएस मेसेज म्हणजे काय? एसएमएस आणि व्हॉट्सअ‍ॅपपेक्षा वेगळा कसा?

अँड्रॉइड फोनच्या ‘गुगल मेसेजेस’ अ‍ॅपमधून एकाच नंबरवर कधी साधा एसएमएस जातो, तर कधी आरसीएस. दोन्हींचा खर्च वेगळा पडतो.

एसएमएसला नेट लागत नाही, रेंज पुरते. पण मराठीत एका एसएमएसमध्ये ७० चिन्हेच मावतात आणि काना, मात्रा, मोकळी जागाही मोजली जाते. मजकूर वाढला की प्रत्येक भागात ६७ चिन्हे बसतात. म्हणजे १५० चिन्हांचा निरोप तीन एसएमएस धरला जातो.

आरसीएस नेटवरून जातो. तोच निरोप एकाच मेसेजमध्ये जातो, फोटोही पाठवता येतो, खर्च फक्त डेटाचा. मात्र दोन्ही फोनवर आरसीएस चालू हवे. नेट नसेल तर सेटिंगनुसार तोच मेसेज एसएमएस होऊन जाऊ शकतो आणि एसएमएसचे पैसे लागू शकतात. व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज मात्र नेट येईपर्यंत थांबतो.

एसएमएस मोबाइल कंपनीला वाचता येऊ शकतो. पाठवण्याच्या बटणावर कुलूप दिसले, तर आरसीएस मेसेज व्हॉट्सअ‍ॅपसारखाच फक्त दोघांना वाचता येतो. कंपन्यांकडून येणाऱ्या आरसीएस मेसेजला हे संरक्षण नसते.