त्वचारेषेचा इतिहास आणि बदललेल्या चेहऱ्याची रंगपरीक्षा

प्रस्तावना :
चित्रफितीतील एका व्यक्तीच्या जागी दुसरीचा चेहरा बसविण्याचे तंत्र २०१७ नंतर सर्वत्र पसरले. अशा चेहऱ्याचा वर्ण तपासताना रंगसंस्कारक वेक्टरस्कोपवरील त्वचारेषेचा आधार घेतात. ही रेषा मात्र त्वचेसाठी निर्माण झालेली नव्हती.

रेषेचा उगम :
अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने १७ डिसेंबर १९५३ रोजी एन.टी.एस.सी. रंगीत दूरचित्रवाणी पद्धतीस मान्यता दिली. या पद्धतीत रंगाची माहिती ‘आय’ आणि ‘क्यू’ या दोन अक्षांवर विभागली होती. नारिंगी ते निळसर-हिरवा या पट्ट्यातील बारकावे मानवी डोळ्यास अधिक जाणवतात, म्हणून ‘आय’ अक्षास सुमारे १.३ मेगाहर्ट्झ आणि ‘क्यू’ अक्षास सुमारे ०.५ मेगाहर्ट्झ विस्तार देण्यात आला. वेक्टरस्कोपवर ‘आय’ अक्ष सुमारे १२३ अंशांवर, म्हणजे लाल आणि पिवळ्याच्या मध्ये येतो. माणसाच्या त्वचेचा वर्णही याच दिशेस पडतो. त्वचेचा रंग मुख्यतः मेलॅनिन आणि रक्तातील हिमोग्लोबिन यांमुळे ठरतो. त्यामुळे गोऱ्या व सावळ्या त्वचेत उजळपणाचा फरक मोठा, तर वर्णाच्या दिशेचा फरक लहान असतो. अमेरिकेतील मोठ्या केंद्रांचे अ‍ॅनालॉग प्रक्षेपण २००९ मध्ये संपले, तरी ही रेषा संगणकीय वेक्टरस्कोपवर टिकून राहिली.

एक उदाहरण :
समजा, मूळ दृश्य हिरवट झाक असलेल्या ट्यूबलाइटखाली चित्रित झाले आहे आणि नवा चेहरा दिवसाच्या उजेडातील चित्रांवरून तयार केला आहे. वेक्टरस्कोप संपूर्ण चौकटीतील रंग एकत्र दाखवितो, कोणता रंग कोठला हे सांगत नाही. म्हणून प्रथम मुखवटा आखून केवळ गाल पाहावा लागतो, नंतर केवळ मान. गालाचा ठसा नेमका १२३ अंशांवर पडतो, मानेचा मात्र पिवळ्याकडे झुकून १३० अंशांवर. येथे रेषेवरचा चेहरा ‘अचूक’ असूनही चुकीचा ठरतो, कारण मूळ शरीरावर पडलेला प्रकाश मान दाखविते. अशा वेळी चेहराच सात अंश पिवळ्याकडे वळवावा लागतो. त्यानंतर ठशाची केंद्रापासूनची लांबी, म्हणजेच रंगाची गडदता, मानेशी जुळवावी लागते. संपूर्ण दृश्य रेषेवर आणायचे असल्यास ते या जुळवणीनंतर, चेहरा आणि मान यांवर एकत्रच करावे लागते.

मर्यादा :
वेक्टरस्कोप उजळपणा दाखवीत नाही. दोन्ही ठसे एकमेकांवर बसूनही चेहरा मानेपेक्षा उजळ राहू शकतो. तो दोष वेव्हफॉर्म मॉनिटरवरच उघड होतो. तसेच ओठांची लाली किंवा चेहऱ्याचा रंगलेप मुखवट्यात आल्यास ठसा लालकडे पसरतो आणि तुलना फसते.

निष्कर्ष :
त्वचारेषा हा प्रक्षेपणाच्या काटकसरीतून उरलेला दिशादर्शक आहे. बदललेल्या चेहऱ्याच्या बाबतीत अंतिम प्रमाण रेषा नसून त्याच चौकटीतील मूळ त्वचा होय.