रात्रीच्या छायाचित्रातील चंद्र : जोड, प्रमाण आणि पुरावा

एकाच छायाचित्रात दोन निगेटिव्हांचा मेळ घालण्याची पद्धत संगणकाच्या फार पूर्वीची आहे. एकोणिसाव्या शतकातील कलोडियनच्या काचा निळ्या प्रकाशाला अतिशय संवेदनशील होत्या. त्यामुळे जमीन नीट उतरली की आकाश कोरे पांढरे येई. फ्रेंच छायाचित्रकार गुस्ताव्ह ल ग्रे याने १८५६-५७ च्या सुमारास समुद्रासाठी एक आणि आकाशासाठी दुसरी निगेटिव्ह वापरून काही सागरचित्रे छापली. त्याचे १८५६ चे जहाजाचे प्रसिद्ध चित्र मात्र एकाच निगेटिव्हचे आहे. ते ढगांआडच्या सूर्याच्या उजेडात घेतलेले असूनही प्रेक्षकांनी चांदण्यातील दृश्य समजून त्याचे कौतुक केले. पुढे दिवसा घेतलेले दृश्य काळोखे छापायचे आणि त्यात चंद्र रंगवायचा, हा चित्र-पोस्टकार्डांच्या धंद्यातील नित्याचा प्रकार झाला. अशा पोस्टकार्डांवरील चंद्र बहुधा ताटाएवढा आणि पूर्ण वाटोळा असतो, आणि घरांच्या सावल्या भलत्याच बाजूला पडलेल्या असतात.

छायाचित्राला साधन मानणाऱ्या इतिहासाभ्यासकाला हा चंद्र खरा की जोडलेला, हा प्रश्न टाळता येत नाही. ज्या कसोट्यांवर जोड उघडकीस येते त्याच कसोट्या पाळून जोड विश्वसनीय करता येते. या दृष्टीने अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स याचे 'मूनराइज, हर्नांडेझ, न्यू मेक्सिको' हे छायाचित्र पाहण्याजोगे आहे. काळेभोर आकाश, त्यात लहानसा चंद्र, खाली चर्च आणि उजळलेले क्रूस यांमुळे हे चित्र जोडलेले वाटावे असे आहे. प्रत्यक्षात ते एकाच निगेटिव्हचे असून सूर्य मावळण्यापूर्वी घेतलेले आहे. आकाशाचा काळोख मुख्यतः छपाईच्या वेळी आणलेला आहे.

प्रथम आकाराचा विचार करू. चंद्रबिंब आकाशात सुमारे अर्धा अंश व्यापते. म्हणून फिल्मवर त्याचा व्यास भिंगाच्या नाभीय अंतराच्या साधारण ११० व्या भागाइतका येतो. अ‍ॅडम्सने वापरलेल्या भिंगाचे नाभीय अंतर २३ इंच, म्हणजे सुमारे ५८४ मिलिमीटर होते. ११० ने भागल्यास चंद्र ५.३ मिलिमीटरचा येतो. निगेटिव्ह दहा इंच रुंद होती, तेव्हा चंद्र रुंदीच्या सुमारे पन्नासाव्या हिश्शाएवढा हवा, आणि चित्रात तो तसाच आहे. आज ५० मिलिमीटरच्या भिंगाने घेतलेल्या दृश्यात ५०० मिलिमीटरच्या भिंगाने घेतलेला चंद्र ठेवायचा असेल, तर तो नेमका दहापटीने लहान करावा लागतो. दोन्ही चित्रे एकाच कॅमेऱ्याची व न कापलेली असावीत, एवढी अट. ६००० पिक्सेल रुंदीच्या पूर्ण आकाराच्या चौकटीत असा चंद्र जेमतेम ७५ पिक्सेलांचा येतो. तो डोळ्याला निराशाजनकरीत्या लहान भासतो, आणि बहुतेक जोडकाम येथेच फसते. क्षितिजाजवळचा चंद्र मोठा दिसतो तो मनाचा भ्रम होय. कॅमेऱ्याला तो भ्रम होत नाही. उलट वातावरणातील वक्रीभवनामुळे अगदी क्षितिजावरचे बिंब उभ्या दिशेने किंचित चपटे होते.

चंद्रकलेची कसोटी याहून कठोर आहे, कारण कला, उंची आणि वेळ ही एकमेकांशी बांधलेली असतात. अ‍ॅडम्सला आपल्या चित्राचे वर्षही नीट आठवत नव्हते. १९४० पासून १९४४ पर्यंत वेगवेगळी वर्षे त्याने सांगितली. छायाचित्रणाचा इतिहासकार ब्यूमाँट न्यूहॉल याच्या विनंतीवरून डेव्हिड एल्मोर याने चंद्राच्या स्थानावरून ३१ ऑक्टोबर १९४१ ही तारीख काढली. पुढे डेनिस दी चिको याने हे गणित पुन्हा केले आणि १९९१ मध्ये १ नोव्हेंबर १९४१, दुपारचे ४ वाजून ४९ मिनिटे असा निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्यानंतर दोनच दिवसांनी पौर्णिमा होती. म्हणजे पंचांगाच्या भाषेत हा शुद्ध त्रयोदशीच्या सुमाराचा चंद्र. असा चंद्र सूर्यास्तापूर्वीच पूर्वेला वर आलेला असतो, आणि समोरच्या क्रुसांवर पश्चिमेचे ऊन असते. सारे जुळते. याच चित्रात कोणी चंद्रकोर बसवली असती, तर ती तत्काळ खोटी ठरली असती. संध्याकाळची कोर मावळतीकडे असते आणि तिची उजळ कड मावळलेल्या सूर्याकडे वळलेली असते.

तेजस्वितेचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. चंद्राचा पृष्ठभाग उन्हात उजळलेला असतो, म्हणून त्याला दिवसाच्या दृश्यासारखे एक्स्पोजर लागते. त्याच्या चांदण्यात न्हालेली जमीन मात्र त्याच्या लक्षांशाच्या आसपासच तेजस्वी असते. एका एक्स्पोजरमध्ये दोन्ही मावत नाहीत. जमीन दिसू लागेपर्यंत चंद्र डागविरहित पांढरी टिकली होतो. अ‍ॅडम्सला हे साधले, कारण अजून दिवसाचा उजेड शिल्लक होता. प्रकाशमापक हाताशी नव्हता, पण चंद्राची दीप्ती दर चौरस फुटास २५० कँडल असते हे त्याला पाठ होते. त्यावरून त्याने पिवळा फिल्टर धरून एक सेकंद, f/32 असे एक्स्पोजर ठरवले. तरीही पुढचा भाग फिका उतरला आणि १९४८ मध्ये निगेटिव्हचा तो भाग त्याला रसायनाने गडद करावा लागला. रात्रीच्या चित्रात डाग स्पष्ट दिसणारा चंद्र आणि उजळ जमीन एकत्र असतील, तर तेथे दोन एक्स्पोजरे आहेत असे समजावे. जोडणाऱ्याने निदान चंद्र शुद्ध पांढऱ्याच्या थोडा खाली ठेवावा आणि जमिनीवरच्या सावल्या त्याच्या विरुद्ध दिशेस आहेत ना, हे पाहावे.

वातावरणाबाबतची एक चूक फार बोलकी असते. चंद्राचा अप्रकाशित भाग सभोवतीच्या आकाशापेक्षा काळा कधीच दिसत नाही, कारण आपण आणि चंद्र यांच्यामध्ये उजळलेली हवा असते. काळ्या चौकोनासकट कापून आणलेला चंद्र म्हणूनच भोक पाडल्यासारखा वाटतो. फोटोशॉपमध्ये चंद्राचा थर Screen या पद्धतीने मिसळल्यास काळा भाग नाहीसा होऊन आकाशाचा रंग टिकतो. पण मग त्या भागात मागचे तारेही चमकत राहतात. ते आधी पुसावे लागतात, कारण चंद्राच्या अलीकडे तारा असू शकत नाही. ढग मात्र अलीकडेच असतात, म्हणून ढगांच्या जागी चंद्राचा थर मास्कने झाकावा लागतो.

उरते ती प्रभा. ती बिंबाच्या कडेशी दाट असते आणि बाहेर झपाट्याने विरत जाते. सर्वत्र सारखा पसरलेला धुरकट गोल तिची जागा घेऊ शकत नाही. चंद्राच्या थराच्या दोन-तीन प्रती घेऊन त्या उत्तरोत्तर अधिक धूसर व अधिक फिक्या केल्या की हा उतार बऱ्यापैकी साधतो. धुके नसलेल्या, ताऱ्यांनी भरलेल्या आकाशात प्रभा अगदी थोडी ठेवावी. क्षितिजालगत बिंब आणि प्रभा दोन्ही तांबूस व मंद असावीत. चंद्राला पडणारे खळे हा वेगळा प्रकार आहे. उंचावरील ढगांतील बर्फकणांमुळे पडणाऱ्या त्या वर्तुळाची त्रिज्या २२ अंश असते, म्हणजे चंद्राच्या व्यासाच्या चाळीसपटींहून अधिक. चंद्राला चिकटलेले खळे चित्रात दिसले, तर ते आकाशातून आलेले नाही हे ओळखण्यास दुर्बिणीची गरज नाही.